आलेखाच्या डोक्यावर विषय नको, निष्कर्ष हवा

१ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून देशाची पुढची जनगणना होणार आहे. तिचे आकडे यायला लागले की वर्तमानपत्रांत, महाविद्यालयांच्या प्रकल्पवह्यांत आणि कार्यालयांतल्या सादरीकरणांत लोकसंख्येच्या आलेखांचा पाऊस पडेल. त्यांपैकी बहुतेकांच्या डोक्यावर ‘नागपूर शहराची लोकसंख्या, १९९१ ते २०२७’ असे काहीतरी लिहिलेले असेल. या ओळीत चुकीचे काही नाही, पण तिच्यातून वाचकाला काही मिळतही नाही. आलेखात काय मोजले आहे ते तिने सांगितले, काय आढळले ते सांगितले नाही. पहिल्या प्रकाराला आपण विषयदर्शक शीर्षक म्हणू आणि दुसऱ्याला निष्कर्षदर्शक. दुसरा प्रकार कसा लिहायचा आणि तो लिहिताना पाय कुठे घसरतो, हे आपल्याच शहराच्या आकड्यांवर पाहू.

### विषय सांगितल्याने काय बिघडते?

शेजारचे काका सकाळी कळमन्याच्या बाजारातून परत आले आणि आपण विचारले, ‘काय म्हणतो बाजार?’ त्यावर ते ‘संत्र्यांचे भाव’ एवढेच बोलून घरात निघून गेले, तर आपण त्यांच्याकडे बघतच राहू. भाव चढले, उतरले की कालच्याइतकेच राहिले, हे ऐकायचे होते. विषयदर्शक शीर्षक आलेखाच्या वाचकाला नेमके असेच दारात उभे ठेवते.

अशी शीर्षके इतकी सर्रास दिसण्याचे एक कारण अगदी साधे आहे. एक्सेलमध्ये एकाच स्तंभातले आकडे निवडून आलेख काढला, तर त्या स्तंभाचे नावच आपोआप आलेखाचे शीर्षक होते. एकापेक्षा जास्त मालिका असतील तर तिथे Chart Title एवढेच शब्द येतात आणि ते पुसून आपण अक्षांची नावे जोडून टाकतो. म्हणजे बरेचदा शीर्षक कोणी लिहिलेलेच नसते, ते राहून गेलेले असते. शिवाय अक्षांवर ‘वर्ष’ आणि ‘लोकसंख्या’ हे शब्द असतातच, त्यामुळे पानावरची सर्वांत मोठ्या अक्षरातली जागा आधीच सांगून झालेल्या गोष्टीवर खर्ची पडते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. शीर्षकात क्रियापद आहे का ते पाहावे, आणि मग हे विधान खोटे ठरू शकेल का, असे स्वतःला विचारावे. ‘नागपूर शहराची लोकसंख्या’ हे शब्द कधीच खोटे ठरू शकत नाहीत, कारण त्यांत कसला दावाच नाही. ‘नागपूर शहराची लोकसंख्या वीस वर्षांत जवळजवळ दीडपट झाली’ हे मात्र आकडे वेगळे असते तर खोटे ठरले असते, म्हणून ते निष्कर्ष आहे. ‘नागपूर किती वाढले?’ असे प्रश्नार्थक शीर्षक देणे ही मला चतुर पळवाट वाटते. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असते, तरी तो ते शोधायचे काम वाचकावर टाकतो.

### आकडे हातात घेऊन

जनगणनेनुसार नागपूर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १९९१ मध्ये १६,२४,७५२, २००१ मध्ये २०,५२,०६६ आणि २०११ मध्ये २४,०५,६६५ होती. या तीन आकड्यांचा साधा स्तंभालेख काढला की तीन चढत्या पायऱ्या दिसतात. शीर्षक लिहायला बसल्यावर पहिले वाक्य सुचते ते ‘नागपूरची लोकसंख्या सतत वाढत आहे’. ते खरे आहे, पण इतके उघड आहे की त्यासाठी आलेख काढण्याची गरज नव्हती. आणि ‘आहे’ या वर्तमानकाळाला या आकड्यांचा आधारही नाही, कारण शेवटचा आकडा २०११ चा आहे. आकडे जिथे थांबतात तिथे क्रियापदानेही थांबावे, म्हणून ‘वाढत आहे’ऐवजी ‘वाढली’ असे लिहावे आणि कोणत्या काळात, तेही सांगावे.

आता जरा खोलात शिरू. पहिल्या दशकात शहरात ४,२७,३१४ माणसांची भर पडली, दुसऱ्या दशकात ३,५३,५९९ माणसांची. दशकाच्या सुरुवातीच्या लोकसंख्येत दहा वर्षांत शेकडा किती भर पडली, याला दशकी वाढदर म्हणतात. तो पहिल्या दशकात २६.३ टक्के होता, दुसऱ्यात १७.२ टक्के. शहर वाढले, पण आधीपेक्षा कमी वेगाने वाढले, ही या तीन आकड्यांतली खरी बातमी आहे. तेव्हा दुसरा मसुदा असा होतो: ‘२००१ नंतर नागपूरच्या वाढीचा वेग मंदावला’.

हे वाक्य चांगले आहे, पण ते या आलेखावर बसत नाही. शीर्षक वाचून वाचकाची नजर खाली जाते, तेव्हा तिला वेग मंदावलेला दिसायला हवा. तिला दिसतात तीन उंचच उंच होत जाणारे स्तंभ. पहिली पायरी सव्वाचार लाखांची आणि दुसरी साडेतीन लाखांची आहे हे खरे, पण सोळा ते चोवीस लाख उंचीच्या स्तंभांच्या टोकांवरचा तेवढा फरक डोळ्यांना सहज जाणवत नाही. उलट घाईत असलेला वाचक ‘मंदावला’ वाचून आणि चढते स्तंभ पाहून गोंधळतो, किंवा लोकसंख्याच कमी झाली अशी समजूत करून घेतो.

अशा वेळी दोनच मार्ग उरतात. आलेख तोच ठेवायचा असेल तर त्यातून जे दिसते तेच शीर्षकात लिहावे: ‘१९९१ ते २०११ या वीस वर्षांत नागपूर शहराची लोकसंख्या जवळजवळ दीडपट झाली’. वेगाचीच बातमी द्यायची असेल तर आलेख बदलून वाढदराचा करावा. निष्कर्षदर्शक शीर्षकाचा मला वाटणारा सर्वांत मोठा फायदा इथेच आहे, आणि तो वाचकाच्या आधी आलेख काढणाऱ्याला मिळतो. वाक्य पूर्ण लिहिल्याशिवाय आपण चुकीचा आलेख काढला आहे हे कळतच नाही. विषयदर्शक शीर्षकाखाली कुठलाही आलेख खपून जातो.

वाढदराचा आलेख काढायचा म्हटले तर शहरासाठी फक्त दोन आकडे उरतात, आणि दोन आकड्यांसाठी आलेख काढण्यापेक्षा ते वाक्यातच लिहावेत. म्हणून सोबत नागपूर जिल्हा घेऊ. जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ मध्ये ३२,८७,१३९, २००१ मध्ये ४०,६७,६३७ आणि २०११ मध्ये ४६,५३,५७० होती; म्हणजे वाढदर २३.७ टक्क्यांवरून १४.४ टक्क्यांवर आला. आता शहराची एक आणि जिल्ह्याची एक अशा दोन उतरत्या रेषा काढता येतात, आणि त्यांच्यावर हे शीर्षक शोभते:

नागपूर शहर आणि जिल्हा दोन्ही वाढत राहिले, पण २००१ नंतर दोन्हींचा वेग कमी झाला

त्याखाली लहान अक्षरांत दुसरी ओळ: ‘दशकी वाढदर, टक्क्यांत, १९९१–२००१ आणि २००१–२०११, शहर म्हणजे महापालिका क्षेत्र, स्रोत: भारताची जनगणना’. काय मोजले, कोणत्या एककात, कोणत्या काळात आणि कुठून घेतले, ही जुन्या शीर्षकातली माहिती फेकून द्यायची नसते. तिची जागा ही उपशीर्षकाची ओळ. ‘वाढत राहिले’ हे दोन शब्दही शोभेसाठी घातलेले नाहीत. उतरती रेषा पाहिली की माणूस ‘लोकसंख्या घटली’ असे वाचतो, ती चूक ते आधीच अडवतात.

### ‘नऊ टक्क्यांनी घटला’ असे का लिहू नये

शीर्षकात आकडा घातला की ते वजनदार होते, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. शहराचा वाढदर २६.३ वरून १७.२ वर आला, म्हणून ‘वाढदर ९ टक्क्यांनी घटला’ असे लिहिण्याचा मोह होतो. दोन टक्केवारींतल्या सरळ वजाबाकीला टक्केबिंदू म्हणतात. घट ९ टक्केबिंदूंची आहे. मूळ दराच्या मानाने पाहिले तर तो जवळपास ३५ टक्क्यांनी, म्हणजे एक-तृतीयांशाहून थोडा जास्त घटला. ‘९ टक्क्यांनी घटला’ याचा काटेकोर अर्थ लावायचा तर दर २६.३ चा सुमारे २३.९ झाला असा होईल, आणि ते साफ चूक आहे.

टक्केबिंदू हा शब्द बहुतेक वाचकांना अपरिचित असल्यामुळे तो शीर्षकात घालून समजावत बसण्यापेक्षा ‘२६.३ टक्क्यांवरून १७.२ टक्क्यांवर आला’ असे दोन्ही टोकांचे आकडे द्यावेत. त्यात गैरसमजाला वाव राहत नाही, आणि घट मोठी की लहान हे वाचक स्वतः ठरवू शकतो. ‘झपाट्याने’, ‘प्रचंड’, ‘लक्षणीय’ ही विशेषणे मात्र शक्यतो बाहेरच ठेवावीत. लोकसंख्येच्या त्या पहिल्या आलेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी १५ लाखांपासून सुरू केला, तर २०११ चा स्तंभ १९९१ च्या स्तंभाच्या साधारण सव्वासातपट उंच दिसतो, प्रत्यक्षात लोकसंख्या दीडपटही झालेली नाही. अशा आलेखावर ‘झपाट्याने वाढली’ लिहिले की अक्षाची चूक आणि शीर्षकाची अतिशयोक्ती एकमेकींना साक्ष देतात.

### ‘पण मग हे वाचकावर मत लादणे नाही का?’

हा आक्षेप सरकारी कार्यालयांतून आणि संशोधकांकडून हमखास येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात वादग्रस्त विषयांवरच्या आलेखांना मुद्दाम एका बाजूला झुकणारी शीर्षके दिली होती. आलेखाचा मुख्य मुद्दा काय, असे विचारल्यावर लोकांनी सांगितलेला मुद्दा शीर्षकाच्या बाजूने झुकला होता. आणि तरीही बहुतेकांना माहिती निःपक्षपातीच वाटली होती. म्हणजे शीर्षकाचा जोर खरोखरच मोठा आहे.

पण यावरून शीर्षक मुके ठेवावे असा निष्कर्ष मी काढणार नाही. काय मोजायचे, कोणते वर्ष धरायचे, अक्ष कुठून सुरू करायचा हे सगळे निर्णय आलेख काढणाऱ्याने आधीच घेतलेले असतात. तटस्थ दिसणाऱ्या शीर्षकाखाली ते झाकले जातात, इतकेच. उघड विधान केले तर निदान ते पकडून तपासता तरी येते. प्रश्न विधान करावे की नाही हा नसून, आलेखाला पेलेल एवढेच विधान केले आहे का, हा आहे.

आपल्याच उदाहरणात पाहा. ‘२००१ नंतर वेग कमी झाला’ हे आलेखात दिसते. ‘लोकांनी नागपूरकडे पाठ फिरवली’ हे दिसत नाही. ते कारण आहे, आणि कारण दाखवणारा एकही आकडा इथे नाही. जन्म कमी झाले, बाहेरून येणारे कमी झाले की वस्ती महापालिकेची हद्द ओलांडून वाडी-हिंगण्याकडे सरकली, यांतले काहीही असू शकते. वस्ती फक्त हद्दीबाहेर सरकली असती तर शहर मंदावताना जिल्हा तरी टिकायला हवा होता. जिल्ह्याची रेषाही उतरते, त्यामुळे तेवढे एक कारण पुरेसे नाही इतके म्हणता येते. शिवाय अख्ख्या महाराष्ट्राचा दशकी वाढदर याच काळात २२.७ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. हे कळल्यावर ‘नागपूरने आकर्षण गमावले’ हे शीर्षक आणखीच लटके पडते, कारण उतार केवळ नागपूरचा नव्हता.

तपासण्याची एक पद्धत उपयोगी पडते. शीर्षक कागदाने झाकून, आलेख प्रथमच पाहणाऱ्या एखाद्या माणसाला ‘यातून तुम्हाला काय कळले?’ असे विचारावे. त्याचे वाक्य आपल्या शीर्षकाच्या जवळ आले तर ठीक. ते वेगळेच आले तर आधी आलेखावर संशय घ्यावा, मग शीर्षकावर. वाचकावर घेऊ नये.

### लांबी, आणि बदलणारे आकडे

निष्कर्षदर्शक शीर्षके लांब होतात, ही तक्रार खरी आहे. दोन ओळींपर्यंत वाक्य चालते. तिसऱ्या ओळीवर गेले तर बहुधा एकाच आलेखात दोन निष्कर्ष कोंबलेले असतात आणि त्यांचे दोन आलेख करणे बरे. जागा वाचवण्यासाठी क्रियापद कापू नये. ‘दर्शविणारा आलेख’, ‘यांचा तुलनात्मक अभ्यास’ असली शेपटे कापावीत.

दर महिन्याला आकडे बदलणाऱ्या आलेखांची अडचण जास्त गंभीर आहे. जानेवारीत लिहिलेले ‘तक्रारी घटल्या’ हे शीर्षक मार्चमध्ये चढत्या रेषेवर तसेच टांगलेले राहिले, तर ते विषयदर्शक शीर्षकापेक्षा वाईट. अशा ठिकाणी विषयाचे नाव ठेवणेच शहाणपणाचे. ज्या कोष्टकांतून आणि संदर्भ-आलेखांतून प्रत्येक वाचक स्वतःचे वेगळे उत्तर शोधणार असतो, तिथेही तेच. मात्र निष्कर्ष एकाच तुलनेवर अवलंबून असेल, तर एक्सेलमध्ये वाक्य आकड्यांना बांधता येते. समजा, आधीच्या कालखंडाचा दर C2 मध्ये आणि नंतरचा C3 मध्ये आहे. मग F1 मध्ये हे सूत्र लिहावे:

```
=IF(C3<C2,"वाढीचा वेग कमी झाला",IF(C3>C2,"वाढीचा वेग वाढला","वाढीचा वेग तेवढाच राहिला"))
```

त्यानंतर आलेखाचे शीर्षक निवडून, वरच्या सूत्रपट्टीत = टाइप करून F1 वर क्लिक करावे आणि एंटर दाबावे. IF चे सूत्र थेट शीर्षकात चालत नाही, ते एखाद्या रकान्यात ठेवून शीर्षक त्या रकान्याला जोडावे लागते. या युक्तीची मर्यादा उघड आहे: दशांशातल्या नगण्य फरकालाही ती ‘वाढला’ म्हणेल. तेव्हा किती फरक पडल्यावर बोलायचे, ते माणसानेच ठरवून सूत्रात घालावे.

### २०२७ चा आकडा आल्यावर

नव्या जनगणनेनंतर हाच आलेख पुढे वाढवणाऱ्यांसाठी एक सापळा आधीच तयार आहे. आतापर्यंतच्या तुलना दहा-दहा वर्षांच्या होत्या. २०११ ते २०२७ हे अंतर सोळा वर्षांचे आहे. सोळा वर्षांतली एकूण वाढ दहा वर्षांतल्या वाढीशेजारी ठेवली, तर वेग अजिबात न बदलतादेखील रेषा वर उसळलेली दिसेल. हिशेब असा: २००१ ते २०११ मधली १७.२ टक्के वाढ म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे १.६ टक्के. त्याच वेगाने सोळा वर्षे शहर वाढले, तर एकूण वाढ सुमारे २९ टक्के भरते. १७.२ शेजारी २९ पाहून कोणीही ‘नागपूर पुन्हा वेगाने वाढू लागले’ असे शीर्षक देईल, आणि आकडे बरोबर असूनही ते चुकीचे असेल.

म्हणून आधी तिन्ही कालखंडांचे वार्षिक दर काढावेत. १९९१, २००१, २०११ आणि २०२७ ची लोकसंख्या B2 ते B5 मध्ये असेल, तर शेवटच्या दोन कालखंडांसाठी सूत्रे अशी होतील:

```
=(B4/B3)^(1/10)-1
=(B5/B4)^(1/16)-1
```

याच रीतीने पहिल्या दशकाचा वार्षिक दर सुमारे २.४ टक्के येतो. तिसरा दर १.६ च्या वर गेला तरच वेग वाढला असे म्हणता येईल, आणि तेही शहराची हद्द तीच धरली असेल तर. कारण २०११ नंतर हुडकेश्वर आणि नरसाळा महापालिकेत आले आहेत, आणि त्यांचे रहिवासी नव्या आकड्यात मोजले गेले तर वाढीचा काही भाग नकाशावरच्या रेषेने घातलेली भर असेल. ते उपशीर्षकात लिहावे लागेल: ‘वार्षिक वाढदर, टक्क्यांत, २०२७ चा आकडा वाढलेल्या हद्दीसह’.